कोलंबी गेली, क्रेडिट आलं

रविवारी रात्री घोडबंदर रोडवर पाऊस पडत असेल, तर घरी स्वयंपाक करण्याचं पाप करू नका. मालवणी जेवण मागवा. आम्ही मागवलं: सुरमई थाळी 380, कोलंबी मसाला 320, चार भाकऱ्या 100, दोन सोलकढ्या 80. एकूण 880, त्यातून कूपनचे 100 वजा आणि उरलेल्या 780 वर पाच टक्के जीएसटी. पैसे आधीच यूपीआयने गेलेले, सगळ्या पदार्थांचे.

पिशवी आली की लगेच फाडा. सील, त्यावर चिकटवलेलं बिल, सगळं आधी कचऱ्यात. फोटो काढत बसणं हे संशयी माणसाचं लक्षण. मग कोलंबी नाही हे लक्षात आलं की खाली पळा आणि डिलिव्हरीवाल्या पोरालाच धरा. त्याने बंद पिशवी फक्त वाहून आणलेली असते, म्हणजे त्याचीच चूक.

आता अ‍ॅपमध्ये तक्रार करा. तिथे दोन बटणं दिसतील. एक भगवं, मोठं, आधीच निवडलेलं: ‘लगेच वॉलेटमध्ये’. दुसरं करडं, बारीक: ‘मूळ खात्यात, काही दिवस लागतील’. भगवंच दाबा. ऑनलाइन पैसे गोळा करून दुकानदाराला पोचवणाऱ्या कंपन्या, म्हणजे पेमेंट अ‍ॅग्रिगेटर, यांच्यासाठीच्या रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार परतावा मूळ मार्गानेच जायला हवा, पण ग्राहकाने दुसऱ्या मार्गाला स्पष्ट संमती दिली नसेल तरच. ती संमती तुमच्या अंगठ्याने देऊन टाका. कंपनीला उगाच त्रास कशाला?

हिशेब तर मुळीच करू नका. आमच्या सौ.नी केला. कूपनमधला कोलंबीचा वाटा सुमारे 36 रुपये. तो वजा करून 284 आणि वर कर, म्हणजे 298 यायला हवेत. आले 250 क्रेडिट, मुदत तीस दिवस. आम्ही 48 रुपयांबद्दल विचारलं तर चॅटवरचा मुलगा म्हणाला, “सर, हे गुडविल आहे.” कोलंबी आमची, पैसे आमचे, गुडविल त्यांचं!

शेजारच्या काकांसारखे तर अजिबात वागू नका. त्यांनी करडं बटण दाबलं, सीलबंद पिशवीचा आणि बिलाचा फोटो जोडला, परतावा झाल्याचा मेसेज आल्यावर यूपीआयचा बारा अंकी संदर्भ क्रमांक मागून घेतला आणि बँकेच्या स्टेटमेंटशी ताडून पाहिला. आधी रक्कम कमी आली होती, तेव्हा कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला ईमेल केली. ई-कॉमर्स नियमांनुसार त्याला 48 तासांत पोच द्यावी लागते आणि महिन्यात निवारण करावं लागतं. शिवाय 1915 या ग्राहक हेल्पलाइनवरही नोंदवली. उरलेले पैसे आले म्हणे. किती हा कंजूसपणा!

आमचं क्रेडिट एकोणतिसाव्या दिवशी आठवलं. 250 वापरायला किमान 499 ची ऑर्डर हवी होती. केली. या वेळी सोलकढी नव्हती.