दुकान बंद, म्हणून भाडंही बंद?

सोलापूरच्या व्यापाऱ्यांच्या ग्रुपवर फिरणारा मेसेज: “सरकारने दुकान बंद करायला लावलं की फोर्स मेजर लागू होतो. करारात लिहिलेलं असो वा नसो, कलम 56 खाली तेवढ्या महिन्यांचं भाडं आपोआप माफ. एक पैसा देऊ नका, मालक काढू शकत नाही.”

फोर्स मेजर म्हणजे कुणाच्याही हाताबाहेरचं संकट. करारात लिहिलेलं नसेल, तर त्याच्या नावाने मागायला काहीच उरत नाही. ही सवलत करारातल्या कलमातून येते, आणि ते कलम असलं तरी शेवटची ओळ वाचायची असते. कित्येक छापील मसुद्यांत तिथे ‘मात्र पैसे देण्याच्या जबाबदारीस हे लागू नाही’ असं बारीक अक्षरात असतं. मग त्याच कलमात वर दिलेली महापूर, दंगल, साथरोग ही यादी भाड्यापुरती निरुपयोगी ठरते.

कलम 56 हे भारतीय करार कायदा, 1872 मधलं. करार पार पाडणं अशक्य झालं तर तो रद्द होतो, असं ते सांगतं. पण भाडेपट्टा दिला की जागेचा हक्क भाडेकरूकडे आलेला असतो, म्हणून हे कलम भाडेपट्ट्याला लागत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने राजा ध्रुव देव चंद खटल्यात (1968) म्हटलं. तिथे तर फाळणीने जमीनच पाकिस्तानात गेली होती, तरी भरलेलं भाडं परत मिळालं नाही. शिवाय कलम 56 लागलंच, तर करार संपतो. दुकान ताब्यात ठेवून भाडं तेवढं माफ, असं त्यात कुठेच नाही. लीव्ह अँड लायसन्समध्ये हक्क हस्तांतरित होत नाही, त्यामुळे हा मुद्दा तिथे मांडता येतो, पण परिणाम तोच: जागा सोडावी लागते.

भाडेपट्ट्याला लागतं ते मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम 108 (ब)(ई). आग, वादळ, पूर, जमावाची हिंसा किंवा तशाच अटळ शक्तीने जागा नष्ट झाली, किंवा बऱ्याच अंशी आणि कायमची निकामी झाली, तर भाडेकरू पट्टा रद्द करू शकतो. यातला ‘कायमची’ हा शब्द महत्त्वाचा. आदेशाने शटर खाली असलं तरी भिंती आणि छप्पर जागेवरच असतात. दिल्लीतल्या खान मार्केटच्या दुकानाचा रामानंद खटला (मे 2020) याच मुद्द्यावर गेला: लॉकडाऊनचं भाडं माफ झालं नाही, भरायला थोडी मुदत तेवढी मिळाली. आणि आग दुकानदाराच्याच सदोष वायरिंगमुळे लागली असेल, तर 108 चाही आधार जातो.

भाडं थांबवणं सर्वांत महागात पडतं. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याखाली मालक आधी लेखी मागणीची नोटीस देतो. ती मिळाल्यापासून 90 दिवसांत थकबाकी भरली नाही, तर तो दावा लावू शकतो. समन्स मिळाल्यापासून आणखी 90 दिवसांत थकबाकी, त्यावर 15 टक्के सरळव्याज आणि दाव्याचा खर्च भरला, आणि पुढचं भाडं निकालापर्यंत नियमित देत राहिलं, तर ताबा वाचतो. मेसेजवर विसंबून हे दोन्ही टप्पे घालवले की वाट अवघड.

नवी पेठेतलं चादरी-टॉवेलचं दुकान धरू. भाडं 21,000, आदेशाने 10 एप्रिल ते 31 मे असे 52 दिवस बंद. करारात काही नसेल तर दोन महिन्यांचे 42,000 देणं आहेच, आणि आठ महिने थकले तर त्यावर व्याजाचे 4,200. आता हे कलम असतं तर:

“शासकीय आदेशामुळे, भाडेकरूची चूक नसताना, दुकान सलग 7 दिवसांपेक्षा जास्त बंद राहिल्यास आठव्या दिवसापासून दर दिवशी मासिक भाड्याच्या तिसाव्या भागाचा अर्धा भाग माफ होईल. बंद 90 दिवसांपुढे गेल्यास भाडेकरू 30 दिवसांच्या नोटिशीने, दंडाशिवाय जागा सोडू शकेल व डिपॉझिट परत मिळेल.”

दिवसाचे 700, त्याचे निम्मे 350, आणि 45 दिवस: माफी 15,750, देणं 26,250. ‘चूक नसताना’ हे शब्द मालक मागणारच, आणि ते रास्त आहे. परवान्याचं नूतनीकरण न केल्यामुळे सील लागलं तर त्याचा भार मालकाने का उचलावा?

कलम नसेल तर मालकाशी बोलून जे ठरेल ते कागदावर घ्या. तोंडी ‘बघू नंतर’ म्हणजे माफी नव्हे. ‘एप्रिल-मेचं निम्मं भाडं माफ केलं’ आणि ‘पुढे ढकललं’ यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, कारण दुसऱ्यात देणं कायम राहतं. पहिलं लिहून, सही-तारखेसह मिळालं तर करार कायद्याच्या कलम 63 खाली ते टिकतं, बदल्यात काही दिलेलं नसलं तरी. तोवर ठरलेला भाग बँकेतूनच भरा, आणि बंदचा आदेश व भरणा केल्याची नोंद एकाच फायलीत ठेवा.