गहाळ की चोरी? एफआयआर नोंदवताना त्या एका शब्दावर बरेच अडते

माझ्या मावशीच्या पर्समधले दोन तोळ्यांचे गंठण एसटीच्या गर्दीत पर्स ब्लेडने कापून कोणीतरी काढून घेतले. आमच्या गावात उतरल्यावर ते लक्षात आले आणि आम्ही पोलीस ठाण्यात गेलो, तेव्हा ठाणे अंमलदारांनी सांगितले, "घटना आमच्या हद्दीत झाली हे कशावरून? गहाळ झाल्याचा अर्ज द्या, शिक्का मारून देतो." मावशी सही करायला निघाली होती, मी तिला थांबवले.

गहाळ म्हणजे वस्तू आपल्याच हातून हरवली. त्यात गुन्हाच नसल्यामुळे तपासाचा प्रश्न उरत नाही. आवक शिक्का मारलेला अर्ज म्हणजे एफआयआर नव्हे; एफआयआरवर गुन्हा रजिस्टर क्रमांक आणि कलम असते. प्रवासी वाहनातून वस्तू चोरणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०५ खाली सात वर्षांपर्यंत शिक्षेचा दखलपात्र गुन्हा आहे. हद्दीची सबबही टिकत नाही, कारण १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे दखलपात्र गुन्ह्याची खबर कोणत्याही ठाण्याने, गुन्हा कुठेही घडला असला तरी, नोंदवायची असते (यालाच झिरो एफआयआर म्हणतात). तोंडी सांगितलेली फिर्याद लिहून, वाचून दाखवून मगच सही घ्यायची आणि प्रत विनामूल्य द्यायची, हेही त्याच कलमात आहे. "आधी चौकशी करू" हे उत्तर इथे लागू नव्हते. वरिष्ठांच्या परवानगीने होणारी चौदा दिवसांची प्राथमिक चौकशी तीन वर्षे ते सात वर्षांहून कमी शिक्षेच्या गुन्ह्यांपुरतीच आहे.

तरीही नकार मिळाला. म्हणून त्याच रात्री बसचा मार्ग, वेळ, तिकीट, कापलेली पर्स आणि ठाण्यात काय उत्तर मिळाले, हे सारे लिहून आम्ही कलम १७३(४) खाली पोलीस अधीक्षकांना स्पीड पोस्टने पाठवले आणि पावती व प्रत जपून ठेवली. नवव्या दिवशी ठाण्यातून बोलावणे आले आणि चोरीचाच गुन्हा नोंदवला गेला. पण नऊ दिवसांत बसस्थानकावरचे कॅमेऱ्याचे चित्रण पुसले गेले होते, आणि माझा खरा राग त्यावर आहे.

अधीक्षकांकडूनही काही झाले नसते, तर प्रतिज्ञापत्रासह न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता आला असता. तिथे ती स्पीड पोस्टची पावती लागतेच, कारण आधीची पायरी चढल्याचा पुरावा तोच असतो. न्यायदंडाधिकारी पोलिसांचे म्हणणे विचारात घेऊन कलम १७५(३) खाली तपासाचा आदेश देऊ शकतात. तो देणे न देणे मात्र त्यांच्या विवेकावर असते. काही वकील थेट खासगी फिर्याद दाखल करायला सुचवतात. त्यात साक्षीदार उभे करण्याचा भार सुरुवातीपासून फिर्यादीवर पडतो, आणि जिथे चोर कोण हेच माहीत नाही तिथे साक्षीदार तरी कोणाविरुद्ध उभे करणार? अशा प्रकरणात अर्जात पोलीस तपासाचीच मागणी स्पष्ट शब्दांत लिहावी.