घशातला गोळा आणि शेजारणीची पट्टी

«घशात गोळा अडकल्यासारखा वाटतो पण गिळताना दुखत नाही, म्हणजे थायरॉईडच. थायरॉईडची गोळी लगेच सुरू करा. फरक पडला नाही तर ते पित्त, मग रोज उपाशीपोटी लिंबूपाणी घ्या.»

हा मजकूर हर्णैला आमच्या आत्यापर्यंत पोहोचला आणि तिच्या डब्यात शेजारणीच्या थायरॉईडच्या गोळ्यांची १०० मायक्रोग्रॅमची पट्टी सापडली, तेव्हा आठ गोळ्या पोटात गेलेल्या होत्या. मजकुरातला सर्वांत घातक सल्ला गोळी लगेच सुरू करण्याचाच आहे. थायरॉईड ग्रंथी नीट चालत असताना तिचे संप्रेरक अशा गोळीतून बाहेरून घेत राहिल्यास हृदयाचे ठोके अनियमित होऊ शकतात आणि पाळी थांबलेल्या बायकांची हाडे विरळ होतात. शिवाय औषध अंगातून सावकाश उतरते, त्यामुळे थायरॉईडचे काम दाखवणारी टीएसएचची खात्रीची रक्ततपासणी आम्हाला सहा आठवडे लांबवावी लागली. ती सामान्य आली.

थायरॉईड वाढून घशाला दाब देऊ शकतो, एवढे मान्य करावेच लागेल. पण तशी गाठ बहुधा चांगलीच मोठी असते, आणि आरशासमोर पाण्याचा घोट घेतला की गळ्यापुढचा फुगवटा वर सरकताना दिसतो. आत्याच्या सोनोग्राफीत दिसलेली ६ मिलिमीटरची गाठ असा दाब देऊ शकत नाही.

पित्ताचेही अर्धे खरे आहे. छातीत जळजळ आणि आंबट पाणी वर येणे सोबत असेल तर त्यावर उपचार करावेत, मात्र लिंबूपाण्याने ती जळजळ वाढण्याचीच शक्यता अधिक. केवळ घशाच्या तक्रारीसाठी पित्ताची गोळी किती उपयोगी, हे ब्रिटनमधील टॉपिट्स चाचणीत ३४६ रुग्णांवर पाहिले गेले. लॅन्सोप्रॅझोल १६ आठवडे दिवसातून दोनदा देऊनही ते खोट्या गोळीपेक्षा सरस ठरले नाही. हा निष्कर्ष २०२१ मध्ये बीएमजे या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

उरला तो स्नायूंचा ताण, ज्याचा त्या मजकुरात उल्लेखही नाही. आत्या पेज जेवताना गोळा नाहीसा होई आणि संध्याकाळी ओटीवर बसून ती आवंढे गिळू लागली की परत येई. अन्ननलिकेच्या तोंडाशी असलेला स्नायूचे कडे आवळून राहिले की असे होते, आणि कोरडे आवंढे गिळल्याने ते अधिकच आवळते. अन्न खरोखर अडकत असते, तर जेवताना त्रास वाढला असता. तिचा गोळा १ ऑगस्टनंतर, मासेमारीवरची पावसाळी बंदी उठून मुलगा होडीवर गेला त्याच आठवड्यात सुरू झाला होता.

तरीही ती मिश्री लावते, म्हणून कान-नाक-घसा डॉक्टरांनी नाकातून दुर्बीण घालून घसा पाहिला. अन्न अडकणे, गिळताना दुखणे, तीन आठवड्यांहून अधिक बसलेला आवाज, एकाच बाजूचा गोळा किंवा घटलेले वजन यांपैकी काहीही असेल, तर ही दुर्बीण लवकर व्हायलाच हवी. आत्याच्या घशात काही निघाले नाही. आता आवंढा आला की ती पाण्याचा छोटा घोट घेते आणि गोळा काही संध्याकाळी येतो, काही संध्याकाळी येत नाही.