आठशे घरं, चार हजार फॉर्म आणि वेटचं गणित

प्रतिक्रिया: "ताई, मागच्या लेखात तुम्ही गूगल फॉर्मवरची सर्वेक्षणं सरसकट निकामी ठरवलीत. माझ्या पीएच.डी.साठी यूपीआयच्या वापरावर चार हजार प्रतिसाद आहेत आणि जनगणनेनुसार शहर-गाव असे वेटही लावलेत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण, म्हणजे एनएफएचएसही, वेट लावतंच की! २०१२ साली अमेरिकेत एक्सबॉक्स या व्हिडिओ गेमच्या यंत्रावर घेतलेल्या सर्वेक्षणात ९३ टक्के पुरुष होते, तरी वेटिंगनंतर निवडणुकीचा अंदाज जुळला. मग शहर आणि गाव हे स्तर वेगळे करून काढलेला आठशे घरांचा स्तरित नमुना माझ्या चार हजारांपेक्षा बरा कसा?"

नमस्कार. 'निकामी' हा शब्द मी वापरला होता आणि तो जास्त झाला. हाताशी येतील ती माणसं घेऊन केलेल्या, म्हणजे सोयीच्या नमुन्याचे खरे उपयोग आहेत. प्रश्नावली लोकांना कळते का, कुठल्या प्रश्नाला माणसं अडखळतात, हे तपासायला मीही ओळखीपाळखीतलेच लोक गाठते. अडचण येते ती त्याच नमुन्यावरून 'जिल्ह्यात इतके टक्के' असं वाक्य लिहिताना. तुमच्या प्रबंधात ते वाक्य आहे, असं धरून लिहिते.

वेट म्हणजे एक उत्तर किती घरांचं मानायचं तो आकडा. एनएफएचएसचं वेट आणि तुमचं वेट यांचं नाव एक असलं तरी त्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एनएफएचएस-५ मध्ये ७०७ जिल्हे होते आणि प्रत्येक जिल्ह्याचा वेगळा आकडा द्यायचा होता. त्यामुळे लहान जिल्ह्यातूनही पुरेशी घरं घ्यावी लागली, म्हणजे लोकसंख्येतल्या वाट्यापेक्षा जास्त. आधी गावं निवडली, मग निवडलेल्या गावातल्या घरांची यादी करून त्यातून घरं निवडली. गाव निवडलं जाण्याची शक्यता किती आणि त्या गावातलं एखादं घर निवडलं जाण्याची शक्यता किती, हे दोन्ही ठाऊक असतं. वेट म्हणजे मुळात त्या शक्यतेचा व्यस्त. प्रतिसाद न देणाऱ्यांसाठी त्यात पुढे दुरुस्ती होते, पण पाया निवडीचा असतो. तुमच्या फॉर्ममध्ये एखाद्या माणसापर्यंत लिंक पोचण्याची आणि त्याने ती भरण्याची शक्यता किती होती, हे तुम्हाला माहीत नाही आणि कळायचा मार्गही नाही. तुमचं वेट मागाहून, जनगणनेच्या वाट्याला जुळवून काढलेलं आहे.

कागदावर हिशोब करू. आकडे मी सोयीसाठी धरले आहेत, कुठल्या खऱ्या तालुक्याचे नाहीत. तालुक्यात एक लाख कुटुंबं आहेत, ३० हजार शहरात आणि ७० हजार गावांत. मागच्या आठवड्यात घरात कुणी यूपीआयने पैसे दिले का, एवढा एकच प्रश्न. स्तरित नमुन्यात दोन्ही स्तरांतून यादीवरून ४००-४०० घरं काढली. शहरात २४० घरं 'हो' म्हणाली, म्हणजे ६० टक्के. गावांत १२०, म्हणजे ३० टक्के. वेट न लावता ८०० पैकी ३६०, म्हणजे ४५ टक्के येतात. हे चूक आहे, कारण शहर आपण मुद्दाम वाट्यापेक्षा जास्त घेतलं. आता शहरातलं एक घर ७५ घरांच्या वतीने बोलतं (३० हजार भागिले ४००) आणि गावातलं १७५ घरांच्या. २४० गुणिले ७५ म्हणजे १८ हजार, १२० गुणिले १७५ म्हणजे २१ हजार. बेरीज ३९ हजार, म्हणजे ३९ टक्के. सगळी घरं न विचारता नमुनाच घेतल्यामुळे येणारी चूक नेहमीच्या सूत्राने साधारण अधिक-उणे साडेतीन टक्के. इथे वेटने आपणच घातलेला तिरकेपणा काढला, आणि तो पुरता काढता आला कारण किती घातला होता ते आपल्याला माहीत होतं.

आता त्याच तालुक्यात लिंक फिरवली. चार हजार उत्तरं आली, ३,२०० शहरातून आणि ८०० गावांतून. शहरातल्या ९० टक्के लोकांनी 'हो' म्हटलं, गावांतल्या ८० टक्के लोकांनी. वेट न लावता ८८ टक्के येतात. शहर-गाव वेट लावलं की ३० टक्क्यांचे ९० टक्के म्हणजे २७ आणि ७० टक्क्यांचे ८० टक्के म्हणजे ५६, एकूण ८३. स्तरित नमुना ३९ सांगतोय, हा ८३. अंतर ४९ टक्क्यांचं होतं, वेटिंगने त्यातले ५ कमी केले. कारण बिघाड शहर-गावाच्या प्रमाणात थोडाच होता. बहुतेक बिघाड गावाच्या आत होता: गावातली कुठली माणसं लिंक उघडतात, तिथे. शहर-गाव वेट त्या दरवाज्याच्या आत शिरतच नाही.

याच हिशोबातली मला सगळ्यात जास्त काळजी वाटणारी गोष्ट पुढे आहे. हेच नेहमीचं सूत्र वापरलं, तर या ८३ टक्क्यांची चूक अधिक-उणे २ टक्के निघते, म्हणजे स्तरित नमुन्यापेक्षाही कमी. असमान वेटमुळे नमुन्याची ताकद किती घटते, ते पाहायलाही एक सूत्र आहे: `(Σw)² / Σw²`. इथे w म्हणजे एकेका उत्तराचं वेट. त्यात घातलं तर चार हजारांचे सुमारे १,५६० उरतात आणि आठशेचे सुमारे ६९०. म्हणजे इथेही फॉर्मच वरचढ दिसतो. ही सूत्रं खोटं बोलत नाहीत. निवड चिठ्ठ्या टाकून झाली असं धरून ती चालतात, आणि ती अट तुमच्याकडे पुरी होत नाही. सॉफ्टवेअर हे विचारत नाही, लिहिणाऱ्याने विचारायचं.

शिवाय काही घरांपर्यंत तुमचा फॉर्म पोचूच शकत नाही. ज्या घरात स्मार्टफोन नाही, त्या घराचं एकही उत्तर त्या चार हजारांत नाही. एकच उत्तर असतं तरी त्याला मोठं वेट देता आलं असतं, मग अंदाज कितीही डळमळीत होवो. शून्याला कितीने गुणणार?

'नमुना खूप मोठा असेल तर हे आपोआप निवळत नाही का?' हेही तुमच्या मनात असेल, कारण चार हजारांवर तुमचा भर आहे. याचं उत्तर अमेरिकेत कोविड लशीच्या वेळी फार स्पष्ट मिळालं. फेसबुकच्या वापरकर्त्यांमधून दर आठवड्याला सुमारे अडीच लाख उत्तरं येत होती. फेसबुककडे वय आणि लिंग यांची माहिती होती, तसे वेटही लावले होते. पण त्या वेटांत शिक्षण नव्हतं, वंश नव्हता. मे २०२१ मध्ये पहिला डोस घेतलेल्या प्रौढांचं प्रमाण या सर्वेक्षणाने सरकारी नोंदींपेक्षा १७ टक्के-गुणांनी जास्त दाखवलं. त्याच काळात ॲक्सिऑस-इप्सॉसचं सर्वेक्षण दर फेरीला जेमतेम हजार लोकांचं होतं. त्यांचं पॅनेल पत्त्यांच्या यादीवरून जमवलेलं होतं आणि ज्यांच्याकडे इंटरनेट नव्हतं त्यांना इंटरनेट पुरवलं जात होतं. त्याचे अंदाज खऱ्या आकड्याच्या बरेच जवळ राहिले. डिसेंबर २०२१ मध्ये 'नेचर'मध्ये आलेल्या शोधनिबंधाने, ज्याचे एक लेखक शाओ-ली मेंग आहेत, हिशोब मांडला की ही अडीच लाख उत्तरं १० माणसांच्या यादृच्छिक नमुन्याहून जास्त अचूक ठरली नाहीत.

याच निबंधातली एक गोष्ट माझ्या बाजूच्या विरोधात जाते आणि ती सांगायलाच हवी. अमेरिकी जनगणना विभागाचं हाउसहोल्ड पल्स हे सर्वेक्षण यादीवरून यादृच्छिक निवड करून होतं, वेटांत शिक्षण आणि वंशही होते. तरी त्याचा अंदाज १४ टक्के-गुणांनी चढा निघाला. निवडलेल्यांपैकी शंभरात दहा जणही उत्तर देत नव्हते. तेव्हा कुठल्याही निबंधात 'स्तरित यादृच्छिक नमुना' असा शब्द दिसला म्हणून निर्धास्त होऊ नये. किती घरं निवडली आणि किती घरांनी उत्तर दिलं, हे दोन्ही आकडे शोधावे. प्रतिसाद फार कमी असेल, तर निवड शेवटी लोकांनीच केलेली असते.

आता एक्सबॉक्स. तो अभ्यास मला मनापासून आवडतो आणि तुम्ही तो आणलात ते बरं झालं. पण तिथे वेटिंग कशावर होतं ते बघा. साडेतीन लाखांच्या आसपास लोक होते. त्यांना लिंग, वंश, वय, शिक्षण, राज्य, पक्ष आणि विचारसरणी विचारली होती, आणि २००८ साली मत कुणाला दिलं हेही विचारलं होतं. या सगळ्यांच्या जोड्या करून १,७६,२५६ कप्पे पाडले. रिकाम्या आणि विरळ कप्प्यांसाठी प्रतिमान वापरून शेजारच्या कप्प्यांकडून आधार घेतला. मतदारांत प्रत्येक कप्पा किती मोठा, हे २००८ च्या एक्झिट पोलवरून घेतलं. मागच्या वेळी कुणाला मत दिलं हे कळलं, की या वेळचा अंदाज बहुतांशी हाती येतो. त्यानंतर एकाच कप्प्यातला एक्सबॉक्स खेळणारा आणि न खेळणारा यांच्या मतात फारसा फरक उरत नाही. वेटिंग तिथे चाललं ते यामुळे. तुमच्याकडे कप्पे दोन आहेत, शहर आणि गाव, आणि गावातला लिंक भरणारा व न भरणारा यांच्यात तुमच्या विषयापुरता जमीनअस्मानाचा फरक आहे.

पैसे आणि माणसं नाहीत, ही अडचण खरी आहे. पण यादीवरून घेतलेली थोडीच घरंही चालतील. ग्रामपंचायतीत कर आकारणीची नोंदवही असते, नमुना ८. समजा तिच्यात ६०० घरं आहेत आणि तुम्हाला ४० हवीत. १ ते १५ मधला एक आकडा चिठ्ठी टाकून काढा, समजा ७ आला. मग ७, २२, ३७ असं दर पंधरावं घर. नोंदवहीत भाडेकरू नसतात, वस्तीवरची नवी झोपडी नसते, एका घरात दोन चुली असतात. गावात फिरून ती भर आधी घालून घ्यावी लागते.

आणि कुलूप असलेल्या घराच्या जागी शेजारचं घर घ्यायचं नाही. मी हे एकदा केलंय. पेरणीचे दिवस होते, सकाळी अकराला निवडलेली निम्मी घरं बंद. सोबतचे दादा म्हणाले, "शेजारी विचारा की, तेच ते." विचारलं. संध्याकाळी वह्या चाळताना दिसलं, की उत्तर देणारे जवळजवळ सगळे साठीच्या पुढचे, आणि मजुरीवर जाणारं एकही घर नाही. दुसऱ्या दिवशी सहानंतर त्याच बंद दारांवर पुन्हा गेलो, काही ठिकाणी तीनदा. उत्तरं वेगळी निघाली.

तुमचे चार हजार फॉर्म टाकून देऊ नका. आधी एक तपासणी करा. फॉर्ममध्ये स्वयंपाकाचा गॅस, शौचालय, बाईचं दहावीपर्यंतचं शिक्षण असं काही विचारलं असेल, तर वेट लावून आलेला आकडा एनएफएचएस-५ च्या तुमच्या जिल्ह्याच्या पत्रकाशेजारी ठेवा. प्रश्नाची शब्दरचना आणि वयोगट तेच आहेत ना, ते पाहा. मधल्या वर्षांत थोडा बदल झालेला असणार, तोही धरा. तरीही अंतर मोठं राहिलं, तर तुमच्या वेटांना मूळ बिघाड सापडलेला नाही. अंतर कमी निघालं तरी यूपीआयच्या आकड्याची हमी मिळत नाही, फक्त एक शंका कमी होते. दोन्हीपैकी काहीही निघो, तुमच्या तक्त्यातला अधिक-उणे चुकीचा आकडा काढून टाका आणि त्या जागी लिंक कुठल्या गटांत, कुणामार्फत आणि किती दिवस फिरली ते लिहा.