वर्णनाला कारणाचे गुण देण्याची रीत

आलेखावरचा सहा गुणांचा प्रश्न तपासायला घेतलात, की आधी गुणदान योजना पालथी घालून ठेवावी. कलाच्या वर्णनाला 2 आणि कारणांना 4 गुण, अशी कोती विभागणी तीत केलेली असते आणि ती डोळ्यांसमोर राहिली तर देणारा हात उगाच आखडतो.

समजा, प्रश्न प्रकाशसंश्लेषणाचा आहे. एका पाणवनस्पतीवरील प्रकाशाची तीव्रता वाढवत नेली आणि दर मिनिटाला सुटणारे ऑक्सिजनचे बुडबुडे मोजले. तीव्रता 2 एकक असताना ते 8 होते, 4 असताना 16, 8 असताना 24 आणि 10 असतानाही 24. दुसरी रेषा त्याच तापमानाची, पण पाण्यात सोडियम बायकार्बोनेट मिसळून कार्बन डायऑक्साइडचा पुरवठा वाढवलेला. ती 4 एककांपर्यंत पहिल्या रेषेला चिकटून जाते, मग वर निघते आणि 36 बुडबुड्यांवर सपाट होते. विद्यार्थ्याला दोन्ही रेषांचा कल सांगून त्याची कारणे स्पष्ट करायची आहेत.

तो लिहितो : ‘सुरुवातीला दर वेगाने वाढतो. 2 ते 4 एककांदरम्यान तो दुप्पट होतो. प्रकाश वाढल्यामुळे बुडबुडे वाढले. 8 एककांनंतर प्रकाशाचा परिणाम न झाल्यामुळे दर 24 वर स्थिर राहिला. दुसऱ्या रेषेत मात्र तो 36 पर्यंत पोहोचतो.’ अक्षर वळणदार आहे, आकडे अचूक आहेत आणि ‘मुळे’ हा प्रत्यय चक्क दोनदा आला आहे. यापुढे शंका घेणे हा निव्वळ कोतेपणा होय. आडव्या अक्षावरची राशी उभ्या अक्षावरच्या राशीला ‘मुळे’ने जोडली, की कारण सिद्ध झाले असे मानावे. रेषा सपाट का झाली, तर ती पुढे वाढली नाही म्हणून; इतके निर्विवाद स्पष्टीकरण दुसरे कोणते असणार?

एक धोका मात्र टाळावा. आलेख हाताने झाकून, उत्तरातले कोणते वाक्य केवळ आलेख पाहून लिहिता आले नसते, हे शोधण्याचा नाद काही खडूस परीक्षकांना असतो. या उत्तरात तसे एकही वाक्य सापडत नाही आणि मग 2 गुणांपुढे पेन सरकत नाही. शिवाय या नादापायी, कमी प्रकाशात प्रकाश हाच मर्यादक घटक असतो, कारण पाण्याच्या रेणूचे विघटन होऊन ऑक्सिजन सुटण्यासाठी लागणारी ऊर्जा त्यातूनच मिळते, ही अपेक्षा आठवू लागते. पहिली रेषा सपाट झाली तेथे प्रकाश मुबलक आहे, पण कार्बन डायऑक्साइड तोकडा पडतो आहे आणि याचा पुरावा दुसरी रेषा देते, हेही आठवते. त्या दोन रेषा सुरुवातीला एकमेकींना का चिकटल्या आहेत, हा तर प्रश्नातला सर्वांत सुंदर भाग : तेथे प्रकाशच अपुरा असल्यामुळे जादा कार्बन डायऑक्साइडचा काही उपयोग होत नाही. (आपल्या विद्यार्थ्याने या चिकटण्याची दखलही घेतलेली नाही, पण जे लिहिलेच नाही त्याबद्दल गुण कापणे बरे दिसत नाही.)

आता गठ्ठ्यातली पुढची उत्तरपत्रिका पाहा. तिच्यात एकच आकडा आहे, अक्षर गिचमिड आहे आणि मजकूर असा : ‘आधी प्रकाश कमी पडतो, नंतर कार्बन डायऑक्साइड. तो वाढवल्यावर रेषा वर गेली. पण 36 ला ती पुन्हा अडली, तेथे तापमान कमी पडत असेल किंवा हरितद्रव्य. या आलेखावरून नक्की सांगता येत नाही.’ आलेखातून काय सिद्ध होते आणि काय होत नाही, याची रेघ या मुलीने नेमकी ओढली आहे. तिला 4 द्यावेत. ‘नक्की सांगता येत नाही’ असे परीक्षेत कबूल करणे हा आत्मविश्वासाचा अभाव नव्हे तर काय?

प्रश्नात फक्त ‘कल सांगा’ एवढेच विचारले असते, तर पहिले उत्तर पूर्ण गुणांचेच होते, ही गोष्ट नियामकांपुढे ठासून सांगावी आणि या प्रश्नात तसे विचारलेले नाही, ही गोष्ट सांगू नये. ‘कारणांचे 4 गुण नेमके कोणत्या वाक्याला दिले?’ असे त्यांनी विचारलेच, तर ‘एकूण आकलनाला’ असे उत्तर द्यावे. त्यासाठी मुळात कोणत्याही वाक्याखाली रेघ ओढलेली नसावी.

राहिला शेरा. ‘8 एककांनंतर कोणता घटक कमी पडला?’ असे समासात लिहिले, तर विद्यार्थी विचार करू लागण्याचा संभव असतो. त्यापेक्षा ‘छान! थोडे अधिक स्पष्टीकरण हवे’ असे लिहावे. पुढच्या वेळी तो 9 एककांनाही दर 24 च होता, हे आलेखावरून वाचून आवर्जून नमूद करील.