समान वस्तुमान की समान आकारमान: एका प्रतिक्रियेला उत्तर

दोन द्रव मिसळल्यावर मिश्रणाची घनता कशी काढायची, यावरच्या माझ्या लेखात एकूण वस्तुमानाला एकूण आकारमानाने भागायचं सूत्र दिलं होतं. 0.8 आणि 1.2 विशिष्ट गुरुत्वाचे, म्हणजे पाण्याच्या तुलनेत इतक्या पट घनतेचे, दोन द्रव समान आकारमानाने मिसळले तर त्यातून 1.0 येतं आणि समान वस्तुमानाने मिसळले तर 0.96. त्यावर आलेली ही प्रतिक्रिया आणि माझं उत्तर.

प्रतिक्रिया: "0.8 आणि 1.2 विशिष्ट गुरुत्वाचे तेच दोन द्रव, आणि मिश्रणाचं उत्तर एकदा 1.0, एकदा 0.96! सरासरी एकच असायला हवी. शिवाय मी 50 मिली इथेनॉल आणि 50 मिली पाणी मिसळून मोजलं, तर 0.926 आलं. तुमच्या सूत्राने 0.894 यायला हवं. मग सूत्र काय कामाचं?"

उत्तर: द्रव तेच असले तरी ती दोन मिश्रणं वेगळी आहेत. प्रत्येकी 100 ग्रॅम घेतलं, तर हलका द्रव 125 मिली भरतो आणि जड द्रव फक्त 83.3 मिली. 200 ग्रॅमला 208.3 मिलीने भागलं की 0.96 येतं. म्हणजे समान वजनाच्या मिश्रणात 60 टक्के जागा हलक्या द्रवाने अडवलेली असते. मिसळल्यावर आकारमानांची बेरीज तशीच राहत असेल, तर मिश्रणाची घनता ही आकारमानाच्या वाट्यानुसार काढलेली सरासरी असते: 0.6 × 0.8 + 0.4 × 1.2 केलंत तरी 0.96 च मिळेल. आकारमानं समान असतील तर वाटे निम्मे निम्मे होतात आणि साधी सरासरी, 1.0, बरोबर ठरते. समान वस्तुमानाचं उत्तर त्याहून नेहमी कमीच येणार. विद्यार्थी इथेच सर्वात जास्त चुकतात, म्हणून इतकं सविस्तर लिहिलं.

तुमचा दुसरा आक्षेप मात्र मला मान्य आहे. मिसळल्यावर आकारमानांची बेरीज तशीच राहते हे गृहीतक मी लेखात स्पष्ट लिहायला हवं होतं. वस्तुमानाची बेरीज कधी चुकत नाही, आकारमानाची चुकू शकते.

तुमचाच प्रयोग घ्या. 20 अंश सेल्सिअसला इथेनॉलची घनता 0.789 आणि पाण्याची 0.998 ग्रॅम प्रति मिली, म्हणून एकूण वस्तुमान 39.45 + 49.9 = 89.35 ग्रॅम. त्याला तुम्ही मोजलेल्या 0.926 ने भागलं की आकारमान येतं सुमारे 96.5 मिली. जवळजवळ साडेतीन मिली कमी! द्रव कुठे सांडलेला नाही. इथेनॉल आणि पाण्याचे रेणू हायड्रोजन बंधांनी एकमेकांना धरतात आणि वेगवेगळे असताना बसत होते त्यापेक्षा दाटीने बसतात. तुमचं मोजमाप चोख आहे.

हा प्रयोग पुन्हा करणार असाल तर एक सांभाळा. मिसळताना हे मिश्रण गरम होतं आणि उष्णतेने प्रसरण पावतं, त्यामुळे लगेच वाचन घेतलं तर आकुंचन कमी दिसेल. ते पुन्हा 20 अंशांवर येऊ द्या, मगच मोजा.

बेंझीन आणि टोल्युइनसारख्या, रेणूंची घडण मिळतीजुळती असलेल्या जोडीत हा फरक नगण्य असतो. तिथे सूत्र खुशाल वापरा. पाण्यात मिसळणाऱ्या अल्कोहोलसाठी दोन्ही द्रव वजन करून घ्या आणि आकारमान मिश्रण झाल्यावरच मोजा. लेखात ही अट आज जोडतो आहे.