गैरहजर पोरीला शून्य कसले देता?

कालपासून डोकं फिरलंय माझं. पोरगी नववीत, शाळेची वार्षिक सुरू. वेळापत्रक हातात पडल्या दिवशीच क्लासच्या सरांना मेसेज केला, वेळापत्रकाचा फोटो जोडला, नीट लिहिलं की सर, परीक्षेत दोन रविवार येतायत, त्या दोन टेस्टना ती येणार नाही, शेवटचा पेपर झाला की राहिलेल्या टेस्ट देईल. दोन निळ्या टिका. उत्तर नाही. शेवटी फोन केला तर म्हणतात "बघू, पण टेस्ट बुडवायची सवय लागते हो मुलांना."

बुडवायची? अहो सोमवारी तिचा भूमितीचा पेपर, त्रिकोण, चौकोन, वर्तुळ सगळं डोक्यात घोळतंय, आणि तुमची रविवारची टेस्ट कशावर तर दहावीच्या दोन चलांतील रेषीय समीकरणांवर! नववी संपायच्या आधीच दहावी चालू केलीत ती तुमची हौस. त्यात आम्ही पावसला, रविवारी सकाळची येष्टी पकडून रत्नागिरीला या, टेस्ट द्या, एप्रिलच्या उन्हात परत जा, म्हणजे पेपरच्या आदल्या दिवशीचा अर्धा दिवस गेलाच की.

आणि काल रात्री ग्रुपवर यादी आली. पोरीचे आधीच्या तीन टेस्टचे मार्क 50 पैकी 38, 41 आणि 36, म्हणजे सरासरी 38 च्या वर. पुढच्या दोन टेस्टसमोर चक्क शून्य, आणि भागाकार पाचाने, सरासरी 23! नाव पार तळाला. गणिताचे सर ना तुम्ही? न दिलेल्या टेस्टचे मार्क शून्य नसतात, ती टेस्ट हिशोबातच धरायची नसते, हे तुम्हाला मी सांगायचं? वर यादीखाली मेसेज, "काही पालकांना गांभीर्य नाही." नाव घेतलं नाही, पण समजायचं ते सगळे समजले. पोरगी यादी बघून रडत बसली, उद्या विज्ञान भाग 2 चा पेपर आणि ही रडतेय.

शिमग्यातपण हेच. पालखी घरी यायच्या दिवशी टेस्ट ठेवली, तेव्हा गप्प बसले. फी मात्र जूनमध्येच पूर्ण पायजे, तेव्हा बघू नाही, सवय नाही, काही नाही. टेस्टची वेळ बदलली की रात्री अकराला मेसेज, आणि तो बघितला नाही तर चूक परत आमचीच. आणि ह्यांचं एकच, "जाऊदे, सरांशी वाकडं नको, पुढे दहावीचं वर्ष आहे." म्हणून तर हे लोक शेफारतात!

आज सकाळी परत मेसेज टाकलाय, ह्यावेळी ग्रुपवरच, सगळ्यांसमोर. त्या दोन रकान्यांत शून्य खोडून गैरहजर लिहा, सरासरी तीनच टेस्टची काढा आणि ती यादी इथेच परत टाका.